मार्चअखेरची यादी आणि वर्षभराची थकबाकी: एका लहान कर्ज कंपनीचा ईसीएल काढताना

आमची कंपनी जुन्या पिकअप आणि छोट्या टेम्पोंवर कर्ज देते. कर्ज सरासरी तीन लाखांचं, मुदत साधारण तीन वर्षं, आणि प्रत्यक्ष व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास. बाजारात नोंदवलेले कर्जरोखे काढायचं ठरलं आणि त्याबरोबर हिशेबाची पद्धत बदलली. ज्या बिगर बँकिंग वित्त कंपनीचे समभाग किंवा कर्जरोखे नोंदणीकृत आहेत, ती लहान असली तरी तिला इंड एएस ही भारतीय लेखामानकं लागू होतात. एरवी एवढ्या आकाराची कंपनी रिझर्व्ह बँकेच्या ठरलेल्या टक्केवारीने तरतूद करून मोकळी झाली असती. इंड एएस १०९ मध्ये मात्र ठरलेली टक्केवारीच नाही. तुमच्या खात्यांतून पुढे किती तोटा होईल, ते तुम्हीच मांडायचं आणि ऑडिटरला पटवायचं. या अपेक्षित तोट्यालाच ईसीएल म्हणतात.

हे मांडण्याचं काम माझ्याकडे आलं. सूत्र एका ओळीचं आहे.

```
ECL = PD × LGD × EAD
```

खातं थकीत ठरण्याची शक्यता म्हणजे पीडी, थकल्यावर बुडणारा हिस्सा म्हणजे एलजीडी, आणि त्या वेळी अडकलेली रक्कम म्हणजे ईएडी. वाचताना हे तीन वेगळे आकडे वाटतात. ते तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या याद्यांवरून काढले आणि शेवटी गुणले, तर उत्तराला काहीच अर्थ राहत नाही. या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं हेच, आणि पुढे बरंचसं त्याच्याबद्दलच लिहिते आहे.

माझ्या हाती आधीच्या सल्लागाराने बनवलेली एक एक्सेल आली. त्यात पीडी काढण्याची रीत सरळ होती. एका ३१ मार्चला नियमित असलेली खाती घ्यायची, पुढच्या ३१ मार्चच्या यादीत त्यातल्या किती खात्यांची थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे गेली आहे ते मोजायचं, आणि भागायचं. दोन याद्या, एक व्हीलुकअप, काम झालं. मी ती पत्रकं घेऊन वसुलीप्रमुखांकडे गेले. त्यांना ऑफिसात सगळे काका म्हणतात आणि त्यांची उमेदवारी सांगली भागात गेली आहे. त्यांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "मॅडम, मार्चअखेरची यादी म्हणजे आमची वर्षातली सगळ्यात चांगली यादी. तुम्ही सप्टेंबरची काढून बघा."

त्यांचं म्हणणं एका प्रकारच्या कर्जदारांवरून नीट कळतं. तासगाव भागातली बरीच पिकअप द्राक्ष आणि बेदाण्याच्या भाड्यावर चालतात. जानेवारी ते एप्रिल हातात पैसा असतो, त्यामुळे ३१ मार्चला खातं स्वच्छ दिसतं. पावसाळ्यात भाडं मंदावतं, जूनपासून हप्ते बाउन्स व्हायला लागतात आणि सप्टेंबरात खातं नव्वद दिवस ओलांडतं. पुढच्या हंगामात पार्टी येते, सगळी थकबाकी भरते, आणि पुढच्या ३१ मार्चला खातं पुन्हा स्वच्छ. दोन मार्चांची तुलना करणाऱ्या एक्सेलला मधला सप्टेंबर दिसतच नाही.

हा झाला सुखाचा प्रकार. दुसरा जास्त वाईट आहे. खातं जुलैत थकलं, ऑक्टोबरात गाडी ओढून आणली, जानेवारीत विकली, आलेल्या पैशांत सेटलमेंट करून खातं बंद केलं. मार्चच्या यादीत हे खातं थकीत म्हणून दिसत नाही, कारण ते यादीतच नाही. मुदतीआधी पैसे भरून गेलेल्या चांगल्या खात्यांबरोबर हेही "बंद" या एकाच खुणेखाली जातं. ज्या खात्यात खरोखर तोटा झाला तेच मोजणीतून निसटतं.

म्हणून मी दोन तारखांच्या याद्या बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक खात्याचा महिन्यागणिक थकीत दिवसांचा तक्ता बनवला. पुढच्या बारा महिन्यांत एकदा जरी नव्वद दिवस ओलांडले, तरी ते खातं थकीत ठरलं. मग ते परत आलं, विकलं गेलं की तसंच पडून राहिलं, हा पुढचा प्रश्न. तो पीडीचा नाही, एलजीडीचा आहे.

एका वर्षाचा गट उदाहरणादाखल सांगते. आकडे गोल केले आहेत, प्रमाण मात्र आमच्या खात्यांसारखंच ठेवलं आहे. वर्षारंभी एकही दिवस थकबाकी नसलेली १,२०० खाती. बारा महिन्यांत त्यातली ३६ नव्वद दिवसांपुढे गेली, म्हणजे पीडी ३ टक्के. पुढच्या ३१ मार्चला त्यातली थकीत म्हणून दिसत होती फक्त १८, म्हणजे दीड टक्का. उरलेल्या १८ पैकी १२ जणांनी सगळी थकबाकी भरून खातं नियमित केलं होतं आणि ६ गाड्या विकून खाती बंद झाली होती. ज्यांची थकबाकी वर्षारंभी १ ते ३० दिवसांची होती त्यांची पीडी याच रीतीने ९ टक्के आली आणि ३१ ते ९० दिवसवाल्यांची ३२ टक्के.

ऑडिटकडच्या सीए मॅडमनी लगेच विचारलं, "मग तुम्ही तर तरतूद दुप्पट केलीत. जे परत आले त्यांनाही तोटा धरायचा का?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर एलजीडीत होतं.

एलजीडी आधी कशी काढलेली होती? विकलेल्या आणि सेटल केलेल्या गाड्यांची यादी घेऊन त्यातल्या तोट्याची सरासरी. साहजिक वाटतं, पण ती यादी फक्त शेवटाला गेलेल्या खात्यांची आहे. पीडीमध्ये जर परत येणारेही मोजले, तर एलजीडीतही ते यायला हवेत, जवळपास शून्य तोट्याने. नाहीतर त्या बारा जणांवर आपण गाडी विकल्याचा तोटा धरतो, जो कधी होणारच नव्हता.

आधी एका खात्याचा हिशेब पूर्ण करून दाखवते, कारण एलजीडीत चुका सरासरीत होत नाहीत, खात्यातच होतात. थकीत ठरल्याच्या दिवशी मुद्दल आणि लागलेलं व्याज मिळून ३,००,००० रुपये. दुसऱ्या महिन्यात कर्जदाराने १५,००० भरले. पाचव्या महिन्यात गाडी ओढून आणली, आठव्या महिन्यात लिलावात १,९५,००० ला गेली. गाडी आणण्याचा खर्च १२,०००, यार्डभाडं ६,०००, मूल्यांकन आणि कागदपत्रं २,०००. खर्च जाऊन विक्रीचे उरले १,७५,०००. सोयीसाठी सगळा खर्च विक्रीच्याच महिन्यात धरला आहे. नुसती बेरीज केली तर १,९०,००० परत आले आणि तोटा ३७ टक्क्यांहून थोडा कमी. पण हे पैसे उशिरा आले आहेत, आणि इंड एएस १०९ सांगतं की ते कर्जाच्या मूळ प्रभावी व्याजदराने, म्हणजे इथे वीस टक्क्यांनी, आजच्या किमतीत आणायचे. एलजीडीसाठी आधी ते थकीत ठरल्याच्या तारखेवर आणतो.

```
=15000/(1+20%)^(2/12) + 175000/(1+20%)^(8/12)
```

उत्तर येतं सुमारे १,६९,५००. म्हणजे तोटा साडेत्रेचाळीस टक्के. नुसत्या आठ महिन्यांच्या विलंबाने जवळजवळ सात टक्के खाल्ले. वीस टक्के व्याजाच्या धंद्यात गाडी यार्डात किती दिवस उभी राहते हे तिच्या किमतीइतकंच महत्त्वाचं ठरतं, आणि हे काकांना मी कधी समजावायची गरज पडली नाही. त्यांना ते वेगळ्या भाषेत आधीच माहीत होतं: पावसात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीला गिऱ्हाईक हातच लावत नाही.

या हिशेबातले खर्च शोधायलाच सर्वांत जास्त वेळ गेला. गाडी ओढून आणणाऱ्याचं बिल कर्जखात्यात नसतं. ते शाखेच्या "वसुली खर्च" या खात्यात एकत्र पडतं, आणि यार्डवाला तर महिन्याला तीस-चाळीस गाड्यांचं एकच बिल पाठवतो. कर्जखात्यावरून एलजीडी काढली तर हे खर्च हवेत विरतात आणि तोटा कमी दिसतो. आम्ही यार्डाच्या आवक-जावक रजिस्टरवरून गाडीगणिक दिवस मोजले आणि बिल त्या प्रमाणात वाटलं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: कुणाच्या एलजीडीत सगळ्या गाड्यांवर सारखाच खर्च दिसला किंवा खर्च शून्य असला, तर तो आकडा कर्जखात्यापलीकडे गेलेलाच नाही.

आता सगळ्या खात्यांकडे येऊ. ज्यांचं सगळं निस्तरलं आहे अशी जुनी ३०० थकीत खाती घेतली. १०५ जणांनी सगळी थकबाकी भरून खातं रुळावर आणलं. त्यांचाही तोटा शून्य नाही, कारण पैसे उशिरा आले आणि दंडव्याजात बऱ्याचदा सूट दिली. तो सरासरी ४ टक्के निघाला. १५० गाड्या विकल्या, तोटा ४४ टक्के. ४५ खात्यांत ना गाडी सापडली ना माणूस, तिथे जामीनदाराकडून जे आलं ते सोडून तोटा ८५ टक्के. तिन्ही मिळून सरासरी एलजीडी ३६ टक्के. परत आलेले वगळले, तर उरलेल्या १९५ खात्यांची एलजीडी साडेत्रेपन्न टक्के.

आता ८० कोटींच्या अजिबात न थकलेल्या कर्जावर चार प्रकारे गुणाकार करून बघा. सगळे थकणारे धरून ३ टक्के पीडी आणि सगळ्यांची ३६ टक्के एलजीडी: ८६ लाख. दुसरी वाट, जे परत येतात ते दोन्हीकडून काढून टाकायचे: ३६ पैकी २४ उरतात, पीडी २ टक्के, एलजीडी साडेत्रेपन्न, आणि उत्तर साधारण ८६ लाख. (त्या २४ मधले काहीजण पुढच्या वर्षी परत येतील, म्हणून ही ताडणी ढोबळ आहे, पण ताडणी म्हणून पुरेशी.) दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात, कारण दोन्हींत थकीत या शब्दाची व्याख्या पीडी आणि एलजीडीत एकच आहे. आता मिसळ करा. मार्चच्या यादीवरची दीड टक्का पीडी आणि सगळ्यांची ३६ टक्के एलजीडी: ४३ लाख, अर्धी तरतूद गायब. सगळे थकणारे धरून ३ टक्के पीडी आणि फक्त विकलेल्या-बुडालेल्या खात्यांची एलजीडी: १२८ लाख, नफ्यातून विनाकारण दीडपट कपात. चारही ठिकाणी प्रत्येक आकडा आपापल्या जागी खरा आहे. सीए मॅडमच्या प्रश्नाला मी हाच तक्ता दिला आणि त्यावर त्यांची पुढची शंका "परत आलेले" हे १०५ खरंच परत आलेत का, ही होती.

ती शंका फार मोलाची होती. पूर्वी बऱ्याच कंपन्यांत एखादा हप्ता भरून खातं नव्वद दिवसांच्या आत आलं की ते नियमित धरायची पद्धत होती. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं की मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय एनपीए खातं नियमित करता येणार नाही, आणि पुढे आमच्यासारख्या कंपन्यांना त्यासाठी ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली. म्हणजे प्रणालीतली जुनी "नियमित" ही खूण आणि आजची खूण एक नाही. आम्ही ती खूण न वापरता प्रत्येक जुन्या खात्याचं लेजर बघून थकबाकी खरोखर शून्यावर आली का ते तपासलं. शून्यावर येऊन सहा महिन्यांत पुन्हा थकलेलं खातं आम्ही नवं न धरता त्याच थकबाकीचा पुढचा भाग धरलं.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे नव्या कर्जाने जुनं कर्ज फेडणं. खातं थकलेलं आहे, शाखा त्याच पार्टीला त्याच गाडीवर टॉप-अप देते, त्यातून जुनं कर्ज पूर्ण वळतं होतं. एलजीडीच्या यादीत हे शंभर टक्के वसूल झालेलं आदर्श खातं दिसतं. हे पकडायला पॅन किंवा नाव पुरत नाही, कारण नवं कर्ज भावाच्या किंवा बायकोच्या नावावर असू शकतं. चासी नंबर मात्र बदलत नाही. जुनं खातं बंद झाल्याच्या आगेमागे आठवडाभरात त्याच चासी नंबरावर नवं वितरण आहे का, एवढं जुळवलं की यादी समोर येते. अशी खाती आम्ही परत आलेल्यांतून काढली आणि थकबाकी पुढे चालू धरली. वर दिलेले १०५ हे ती काढल्यानंतरचे आहेत.

अडकलेल्या रकमेबद्दल, म्हणजे ईएडीबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. मुदतकर्जात बाकी मुद्दल आणि लागलेलं व्याज. फक्त एक सांगते: पार्टीने गाडीचा विमा भरला नाही तर कंपनी स्वतः भरते, आणि ती रक्कम कर्जाऐवजी "इतर येणी" मध्ये बसलेली असते. थकणाऱ्या खात्यांतच हे जास्त घडतं, म्हणून ती ईएडीत घ्यायलाच हवी.

कोविडच्या काळाचं काय करायचं, हे मात्र चर्चेनेच ठरवावं लागलं. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात हप्त्यांना स्थगिती होती आणि ती घेतलेल्या खात्यांचे थकीत दिवस वाढत नव्हते. त्यामुळे मार्च २०२० च्या गटाची पीडी सुरुवातीला विलक्षण चांगली आणि नंतर विलक्षण वाईट दिसते, आणि दोन्ही कर्जदाराच्या वागण्यापेक्षा स्थगितीच्या वेळापत्रकाचं चित्र आहे. २०२० आणि २०२१ चे गट आम्ही सरासरीतून बाहेर ठेवले, पण फेकून दिले नाहीत. वाईट परिस्थितीत पीडी कुठवर जाऊ शकते हे दाखवायला ते ठेवले.

कारण पुढचा अंदाज धरणंही सक्तीचं आहे. सल्लागाराच्या एक्सेलमध्ये पीडी आणि देशाचं सकल उत्पादन यांचं रिग्रेशन होतं. वर्षाला एक बिंदू, असे सात-आठ बिंदू. त्यावर रेषा काढता येते, विश्वास ठेवता येत नाही. आम्ही तीन परिस्थिती धरल्या: नेहमीची, पाऊस आणि भाडं बरं असलेली, आणि जुन्या गाड्यांचे भाव पडलेली. तिसरीत पीडी आणि एलजीडी दोन्ही वाढवल्या, कारण भाव पडतात तेव्हा कर्जदाराला गाडी सोडून देणं सोपं वाटतं आणि आपल्यालाही विकून कमीच मिळतं. कुठल्या परिस्थितीला किती वजन आणि का, हे अर्ध्या पानात लिहून संचालक मंडळाकडून मंजूर करून घेतलं. ही आमची मतं आहेत, हे त्या पानावर स्पष्ट आहे. भारांकित उत्तर नेहमीच्या परिस्थितीपेक्षा थोडंसंच वर आलं, म्हणून खाली नेहमीचेच आकडे देते.

एकूण १२० कोटींच्या कर्जाचा हिशेब असा उतरला. पहिल्या टप्प्यात शून्य ते तीस दिवसवाली १०० कोटींची खाती. त्यांना फक्त पुढच्या बारा महिन्यांचा तोटा धरायचा. ८० कोटींचे ८६ लाख आणि २० कोटींवर ९ टक्क्यांनी ६५ लाख. खाती सरासरी वर्षाच्या मध्यात थकतील असं धरून हे आजच्या किमतीत आणले की दोन्ही मिळून १३८ लाख. दुसऱ्या टप्प्यात ३१ ते ९० दिवसवाले १४ कोटी. इथे उरलेल्या पूर्ण मुदतीचा तोटा धरावा लागतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या ३२ टक्क्यांशिवाय दुसऱ्या वर्षी फेडून उरणाऱ्या ९ कोटींवर आणखी ८ टक्के, मिळून १६७ लाख. तिसरा टप्पा आधीच थकलेल्या ६ कोटींचा. त्यांना पीडीचा प्रश्न नाही, पण ३६ टक्के एलजीडीही चालत नाही. जो परत येणार असतो तो बहुधा पहिल्या काही महिन्यांतच येतो. म्हणून वर्षाच्या आतल्या साडेतीन कोटींना ४० टक्के आणि त्याहून जुन्या अडीच कोटींना ६५ टक्के, मिळून ३०२ लाख. सगळे मिळून ६ कोटी ७ लाख.

रिझर्व्ह बँकेच्या १३ मार्च २०२० च्या परिपत्रकाप्रमाणे ही रक्कम जुन्या नियमांच्या तरतुदीशी ताडून टिपेत दाखवावी लागते, आणि ईसीएल कमी आला तर फरक नफ्यातून वेगळ्या राखीव निधीत टाकावा लागतो. आमचा आकडा कितीतरी जास्त होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

शाखांनी मात्र एक मागणी लावून धरली: प्रत्येक शाखेची पीडी वेगळी काढा, आमच्या चांगल्या शाखेवर दुसऱ्यांचा बोजा कशाला? मी नाही म्हटलं, आणि कारण साधं होतं. १,२०० खात्यांत ३६ थकली तर ३ टक्क्यांचा खरा पल्ला ढोबळपणे २ ते ४ टक्के असतो. तेच खातं-संख्या शंभरावर आणलं की शाखेत थकलेली खाती दोन, तीन किंवा पाच असतात, आणि एका कर्जदाराच्या आजारपणाने शाखेची पीडी एका टक्क्याने हलते. थकीत दिवसांचे गट टिकवून शाखा एकत्र ठेवणं, एवढंच आमच्या आकाराच्या कंपनीला परवडतं.

वर्षभरानंतर अंदाज आणि प्रत्यक्ष ताडून बघितलं. न थकलेल्या गटात ३ च्या जागी ३.४ टक्के, म्हणजे पल्ल्याच्या आत. ३१ ते ९० दिवसांच्या गटात ३२ च्या जागी ३७ टक्के, आणि तो फरक जवळजवळ सगळा द्राक्षपट्ट्यातल्या खात्यांचा होता. त्या खात्यांचे हप्ते हंगामाप्रमाणे, म्हणजे जानेवारी ते एप्रिल मोठे आणि पावसाळ्यात लहान, बांधून द्यायचा प्रस्ताव काकांनी कर्ज समितीपुढे ठेवला आहे. तो मंजूर झाला तर नव्या हप्त्यांची खाती पीडीसाठी वेगळा गट धरावी लागतील, आणि त्या गटाला विश्वास ठेवण्याजोगा आकडा मिळायला किमान दोन हंगाम जावे लागतील. तोवर त्यांना जुन्याच गटाची पीडी लावायची, असं ऑडिट समितीने ठरवलं आहे.